फोटोतलं समीकरण फोनवर वाचून दाखवताना: कुठे सुरू, कुठे संपलं

प्रश्न: माझी मामेबहीण दहावीला आहे, तिला दिसत नाही. क्लासमधून गणिताच्या वहीचे फोटो येतात आणि मी ते फोनवर वाचून दाखवते. मी अगदी जसंच्या तसं वाचते, तरी तिचं उत्तर वेगळंच येतं. नेमकं कसं वाचायचं?

उत्तर:

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या धाकट्या भावाचं दहावीचं वर्ष आठवलं. त्यालाही दिसत नाही. आधी सांगतो, मी शिक्षक नाही. त्याला दोन वर्षं वाचून दाखवलं, एवढाच माझा अनुभव. तुमच्या बहिणीला यातलं काही सोयीचं वाटलं नाही, तर तिचं ऐका, माझं नाही.

माझी चूक अशी झाली. वर्गसमीकरणाचं सूत्र मी त्याला असं रेकॉर्ड करून दिलं: "एक्स बरोबर वजा बी अधिक किंवा वजा बी वर्ग वजा चार ए सी चं वर्गमूळ भागिले दोन ए." पानावर दिसतं तसंच, एकही शब्द न गाळता. त्याने ते तोंडपाठ केलं. मग 2x² − 7x + 3 = 0 सोडवायला घेतलं. वर्गमूळातली किंमत २५ आली, वर्गमूळ ५. इथपर्यंत सगळं बरोबर. पण पुढे त्याने फक्त ५ ला ४ ने भागलं आणि ते ७ मध्ये मिळवलं, मग ७ मधून वजा केलं. उत्तरं आली ८.२५ आणि ५.७५. खरी उत्तरं ३ आणि अर्धा. पानावर भागाकाराची रेघ ७ च्या खालूनही जाते, पण माझ्या आवाजात ती रेघ नव्हतीच. "भागिले दोन ए" हे त्याला शेवटच्या पदापुरतंच ऐकू आलं, आणि कानाने ऐकणाऱ्याला तसंच ऐकू येणार.

मी मात्र ठरवून टाकलं की त्याची आकडेमोड कच्ची आहे. जवळजवळ दोन महिने त्याच्याकडून पाढे आणि वर्ग घोकून घेतले. त्याचंही स्वतःबद्दल तेच मत झालं. त्या दोन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून म्हणतो, उत्तर चुकलं की आधी तिने काय लिहून घेतलं आहे ते तिच्याकडून वाचून घ्या.

यात आपल्या भाषेचा स्वभावही आड येतो. मराठीत आपण "अमुकचं वर्गमूळ", "तमुकचा वर्ग" म्हणतो, म्हणजे खूण शेवटी येते. ऐकणारी "बी वर्ग वजा चार ए सी" साधं लिहून घेते आणि मग कळतं की हे वर्गमूळात होतं. कुठपासून होतं, ते तर कळतच नाही. "दोन एक्सचा वर्ग" म्हणजे 2x² की (2x)²? "एक्स अधिक एक छेद दोन" म्हणजे फक्त एकाला दोनने भागलं की सगळ्याला? डोळ्यांनी वाचणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, म्हणून त्याच्या हातून हे हमखास सुटतं.

उपाय एकच, पण तो न चुकता पाळावा लागतो. खूण आधी सांगायची आणि ती संपल्याचंही सांगायचं. अब्राहम नेमेथ हे स्वतः अंध असलेले गणितज्ञ, गणिताच्या ब्रेलची नेमेथ लिपी त्यांचीच. वाचून दाखवणाऱ्यांकडून ते अशाच पद्धतीने वाचून घेत: अपूर्णांक सुरू, मध्ये रेघ, अपूर्णांक पूर्ण. मी आमच्यापुरतं त्याचं मराठी केलं. तेच सूत्र आता असं:

"एक्स बरोबर. अपूर्णांक सुरू. अंशात: ऋण बी, अधिक किंवा वजा, वर्गमूळ सुरू, बी चा वर्ग, वजा, चार ए सी, वर्गमूळ पूर्ण. छेदात: दोन ए. अपूर्णांक पूर्ण."

यात चिन्ह असेल तिथे "ऋण" आणि वजाबाकी असेल तिथे "वजा" असं मी मुद्दाम वेगळं म्हणतो. "तीन वजा ऋण दोन" मग नीट लिहिलं जातं. (2x)² साठी "कंस सुरू, दोन एक्स, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग", आणि 2x² साठी "दोन गुणिले", थांबा, "एक्सचा वर्ग". अपूर्णांकात अपूर्णांक असेल तर "आतला अपूर्णांक सुरू" म्हणा.

वाचायला लागण्याआधी एका वाक्यात आकार सांगा: "डावीकडे फक्त एक्स आहे, उजवीकडे एकच मोठा अपूर्णांक आहे, त्याच्या अंशात एक वर्गमूळ आहे." मग तिला किती जागा सोडायची, काय येणार आहे, याचा अंदाज येतो. टेलर फ्रेमवर, म्हणजे अंधांच्या गणिताच्या पाटीवर, एकेक टाइप बसवायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका. लिहून झालं की तिने ते परत वाचायचं आणि तुम्ही फोटोवर बोट ठेवून ताडून बघायचं. ही पायरी मी कधीच सोडत नाही.

आता फोटोबद्दल. फोटो मोठा करून फक्त दोन गोष्टी बघा: भागाकाराची रेघ कुठून कुठपर्यंत आहे आणि वर्गमूळाची वरची आडवी रेघ कुठे संपते. झेरॉक्सच्या फोटोत ती वरची रेघ बऱ्याचदा अर्धवट उमटते, आणि मग वर्गमूळ फक्त बी वर्गापुरतंच आहे असं वाटतं. घातातली छोटी वजाची खूणही अशीच पुसट होते. शंका आली तर दुसरा फोटो मागवा, आणि तो येईपर्यंत "इथे मला नीट दिसत नाही" असं तिला स्पष्ट सांगा. अंदाजाने दुरुस्त करून वाचू नका.

फोनवर बी, डी, पी, टी सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही "बदकातला बी", "डमरूतला डी" म्हणायचो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचाही घोळ होतो. मोठी संख्या "पाच नऊ" अशी सुट्टी सांगा. आणि वाचून झाल्यावर तेच समीकरण एका ओळीत टाइप करून पाठवा. तिच्या फोनमधला, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर ते एकेक अक्षर करूनही वाचू शकतो, त्यामुळे तुम्ही नसतानाही तिला तपासता येतं:

```
x = (-b ± sqrt(b^2 - 4ac)) / (2a)
```

परीक्षेचंही आत्ताच बघा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षा घेणाऱ्यांनी दिलेल्या लेखनिकाला विद्यार्थ्याला दोन दिवस आधी भेटून तो जमेल का हे पाहता येत होतं; आताचा नियम काय आहे ते तुम्ही विचारून घ्या. आम्ही हे मागायला गेलो, तर एका कार्यालयात चार हेलपाटे झाले आणि शेवटी "लेखनिकाला वाचता येतं, मग अडचण काय?" एवढंच ऐकवलं. लेखनिक भेटला तो थेट परीक्षेच्या दिवशी, आणि "एक छेद दोन" तो मी पूर्वी वाचायचो तसंच वाचत होता. भाऊ प्रत्येक वेळी "छेद कशाकशाच्या खाली आहे?" असं विचारत राहिला, आणि त्यातच त्याचा वेळ गेला. तुम्ही अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि "अपूर्णांक सुरू, अपूर्णांक पूर्ण" हे शब्द एका कागदावर लिहून लेखनिकाला आधीच द्या.

ही पद्धत समीकरणांपुरतीच आहे. भूमितीची आकृती किंवा आलेख असा वाचून पोचत नाही, त्यासाठी बोटांना लागेल अशी उठावाची आकृतीच हवी. तुमचा पुढचा फोटो आलेखाचा असेल तर वेगळा प्रश्न टाका, रबरी पाटीवर आम्ही ते कसं काढायचो ते तिथे लिहीन.