काटकसरी, हिशेबी, कंजूष

प्रश्न: शब्दकोशात काटकसरी आणि कंजूष यांचे अर्थ जवळपास सारखेच वाटतात. मग एकाच्या जागी दुसरा शब्द का चालत नाही?

माणूस पैसा सहजासहजी सोडत नाही, एवढंच दोन्ही शब्दांतलं सामाईक. हा झाला वाच्यार्थ. त्याचं ते वागणं बोलणाऱ्याला पटलंय की खुपलंय, ते भावच्छटा सांगते. समानार्थी शब्दांच्या यादीत ही छटा गळून जाते.

मी मालवणकडचा. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत एका मुलाने जुन्या खजिनदारांवर लेख लिहिला होता. पहिलं वाक्य होतं, ‘काकांनी काटकसरीने कारभार केला.’ तोच शब्द पुन्हा नको म्हणून पुढे लिहिलं, ‘त्यांच्या कंजूषपणामुळेच मंडळाची शिल्लक वाढली.’ माहिती तीच, पण गौरवाच्या लेखात तक्रार शिरली. वाचणाऱ्याला वाटणार, काकांनी भजनी बुवांची बिदागी कापली की काय! कारण ‘कंजूष’ म्हटलं की जिथे खर्च करायलाच हवा होता तिथेही केला नाही, असं आपण धरून चालतो. ‘काटकसर’ म्हणजे नको तिथला खर्च टाळणं. म्हणजे फरक नुसत्या छटेचा नाही, थोडा अर्थाचाही आहे. शेवटी ‘त्यांनी हात राखून खर्च केला म्हणून शिल्लक वाढली’ असं केलं.

उरलेल्या रसाची साठं घालणारी, फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी राखणारी, झावळांचे हीर काढून खराटा बांधणारी बाई आमच्याकडे काटकसरी. तीच जर कलमांत राबणाऱ्या गड्याला अर्धा कप चहा देऊ लागली, तर दुसऱ्या दिवशी वाडीभर ती ‘चिकट’ ठरते.

शंका आली तर दोन्ही शब्द एकाच वाक्यात घालून बघा. ‘तो काटकसरी आहे, पण कंजूष नाही’ हे सहज पटतं. खरे समानार्थी असते तर हे वाक्य स्वतःलाच खोडून काढणारं झालं असतं. आणखी एक गंमत म्हणजे नकार दिला तरी छटा पुसली जात नाही. ‘तुझे बाबा कंजूष नाहीत हां’ म्हटल्यावर बाबा सुटतात, पण शब्दातला दोष तसाच राहतो. उलट कुणीतरी तसं म्हणालं असणार, अशी शंका मात्र येते.

छटा दरवेळी शब्दाला घट्ट चिकटलेली असतेच असं नाही. ‘हिशेबी’ घ्या. पतसंस्थेच्या सचिवाला म्हटलं तर तो खूश होईल. मित्राला म्हणा, तो चहाचे पैसे तिथेच टेबलावर ठेवून उठेल. अशा शब्दाला यादीत कुठे बसवायचं ते आधी ठरवता येत नाही. कोण कुणाबद्दल बोलतोय ते वाक्यात दिसल्याशिवाय मी तरी तो बदलत नाही.