पंधरा सेकंदांच्या स्क्रिप्टमध्ये वाक्य आणि कट कसे जुळवायचे

प्रश्न: लालबागमध्ये मसाला कांडून देणाऱ्या दुकानासाठी १५ सेकंदांची रील लिहितोय. आठ शॉट आणि आठ वाक्यं अशी स्क्रिप्ट केली. आवाज रेकॉर्ड केला तर २१ सेकंद होतात, आणि भरभर वाचलं तर काही कळत नाही. नमुन्याला तिसऱ्या शॉटचं वाक्य देतो, हा शॉट दोन सेकंदांचा आहे: "आमच्याकडे उत्तम दर्जाच्या बेडगी, काश्मिरी आणि शंकेश्वरी मिरच्या मिळतात." वाक्याची लांबी कटाशी कशी जुळवायची?

उत्तर: आठ शॉट ठेवा, आठ वाक्यं ठेवू नका. गोंधळ तिथूनच सुरू झालाय.

आधी मोजमाप बघू. मराठीत शब्द मोजून वेळेचा अंदाज येत नाही, कारण "रंग" हाही एक शब्द आणि "तुमच्यासमोर" हाही एकच. लिहिलेली अक्षरं मोजूनही फसायला होतं. "मिळतात" लिहिताना चार अक्षरं, पण तोंडातून दोनच ठोके निघतात: मिळ-तात. म्हणून वाक्य मोठ्याने म्हणा आणि प्रत्येक ठोक्याला बोट टेकवा. जाहिरातीत स्पष्ट आणि तरी घाई न वाटणारा वेग सेकंदाला साधारण साडेपाच ठोक्यांचा धरा. तुमचा आवाज देणारा माणूस संथ असेल तर पाच धरा.

तुमच्या वाक्यात २४ ठोके आहेत. म्हणजे स्वल्पविरामाची थांबणी सोडूनच जवळपास साडेचार सेकंद झाले, आणि शॉट दोन सेकंदांचा. त्यात ११ ठोके मावतात. वाचणाऱ्याने वेग वाढवला की पहिला बळी जोडाक्षरांचा जातो. "शंकेश्वरी"चं "संकेसरी" ऐकू यायला लागलं की समजा, मजकूर जास्त झालाय. एडिटिंगमध्ये आवाजाचा वेग वाढवूनही हेच होतं. उपाय काटछाट हाच, आणि तीही एकेक शब्दाची नाही, अख्ख्या तुकड्याची. "उत्तम दर्जाच्या" हे पाच ठोके जवळजवळ एक सेकंद खातात आणि चित्रात काहीच दाखवत नाहीत. "आमच्याकडे" आणि "मिळतात" हे दुकान समोर दिसत असताना सांगायची गरजच नाही. उरतात तीन नावं, तीन झटपट शॉटसाठी.

पूर्ण १५ सेकंदांत सगळेच सेकंद बोलायचे नसतात. सुरुवातीचा अर्धा सेकंद चित्राला आणि कांडपाच्या आवाजाला द्या, शेवटी थोडी शांतता ठेवा, आणि दर वाक्यानंतर सुमारे ०.३ सेकंद श्वासासाठी सोडा. मग ६५ ठोके ही वरची हद्द होते. मी ५५च्या आसपास थांबेन. तुमच्या दुकानाची स्क्रिप्ट अशी बसते:

शॉट १, २.६ सेकंद. मुसळ मिरच्यांवर आदळतंय, अगदी जवळून. ०.६ सेकंद नुसता धप-धप आवाज, मग: "वर्षाचा मसाला घरी न्यायचाय?" (१० ठोके)

शॉट २, ३, ४, मिळून २.२ सेकंद. तीन पोती, वरून. "बेडगी. काश्मिरी. शंकेश्वरी." (२, ३ आणि ४ ठोके)

शॉट ५ आणि ६, प्रत्येकी १.३ सेकंद. कढईत मिरची परततेय. मग मुसळ खाली येतंय. "तुमच्यासमोर भाजतो, तुमच्यासमोर कांडतो." (१२ ठोके)

शॉट ७, ३ सेकंद. चाळणीतून लाल मसाला परातीत पडतोय. पहिला सव्वा सेकंद शब्द नाहीत. मग: "रंग बघा." (३ ठोके)

शॉट ८, ४.६ सेकंद. दुकानाची पाटी, खाली फोन नंबर. "लालबाग, मसाला गल्ली. मेअखेरपर्यंत रोज सकाळी नऊपासून." (२० ठोके)

बेरीज १५ सेकंद, ५४ ठोके.

मिरच्यांचे तीन शॉट सारख्या लांबीचे कापू नका. नावं वाढत जातात, तसे शॉटही वाढू द्या: ०.६, ०.७, ०.९ सेकंद. सगळे सारखे कापले तर "बेडगी"नंतर भोक पडतं आणि "शंकेश्वरी"चं शेपूट पुढच्या शॉटवर लोंबतं. नावांचा क्रमही म्हणूनच असा ठेवलाय. लांब नाव आधी घेतलं तर लय उतरत जाते आणि पुढचं वाक्य पडल्यासारखं वाटतं.

शॉट ५-६ कडे जास्त लक्ष द्या, कारण मराठी वाक्याचं वजन शेवटच्या क्रियापदावर येतं. "तुमच्यासमोर" ऐकू येईपर्यंत कढई दिसून गेलेली असते आणि "भाजतो" त्या चित्रावर शिक्का मारतं. कट "भाजतो" संपल्यावरच हवा. तो पाच-सहा फ्रेमही आधी पडला तरी मुसळ दिसतं आणि कानावर "भाजतो" येतं. प्रेक्षकाला चूक नेमकी सांगता येत नाही, पण जाहिरात विस्कळीत वाटते. "भाजतो"नंतर पाच फ्रेमची थांबणी आहे. कट त्या थांबणीत टाका, म्हणजे पुढचा शब्द सुरू होण्याआधी तीन-चार फ्रेम नवं चित्र आलेलं असेल. डोळा आधी, कान नंतर. मात्र हे एकच वाक्य दोन शॉटांवर पसरलंय, हे मुद्दाम केलंय. प्रत्येक वाक्य संपलं की कट, असं आठ वेळा झालं तर रील फोटोंच्या अल्बमसारखी पानं उलटत राहते.

शॉट ७ मध्ये तीन सेकंद आणि तीनच ठोके हे बऱ्याच जणांना वाया गेल्यासारखं वाटतं आणि तिथे "शुद्ध, घरगुती, चविष्ट" भरलं जातं. भरू नका. पडणारा मसाला स्वतः हलतोय, माणूस त्याच्याकडे बघतोय. चित्र स्थिर असेल तेव्हा शब्द जास्त चालतात, म्हणून सगळ्यात जास्त ठोके पाटीवर टाकलेत.

आकडे बोलायला घेऊ नका. "₹४५०/किलो" कागदावर एवढंसं दिसतं, पण बोलताना "साडेचारशे रुपये किलो" होतं आणि दीड सेकंद जातो. दहा आकडी फोन नंबर थांबत-थांबत म्हणायला तीन-चार सेकंद लागतात आणि तो कुणाच्या लक्षातही राहत नाही. दोन्ही स्क्रीनवर ठेवा.

शूटला जाण्याआधी मोबाईलवर कच्चा आवाज रेकॉर्ड करा. उभं राहून, पूर्ण आवाजात, कारण मनातल्या मनात वाचलेली स्क्रिप्ट नेहमी वेळेत बसते. वाक्य दोन-तीन दशांश सेकंदांनी वाढलं तर शॉट ७ मधून घ्या, मिरच्यांच्या तीन शॉटना हात लावू नका. शूट २५ फ्रेमवर आणि १/५० शटरवर करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दुकानातल्या ट्यूबलाइटची फडफड दिसत नाही, आणि एक सेकंद म्हणजे २५ फ्रेम हा हिशोबही सोपा जातो: पूर्ण रील ३७५ फ्रेम. चाळणीचा शॉट सलग सहा-सात सेकंद घ्या. त्यासाठी कांडणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण घाणा चाळून संपला की पुढचा तयार होईपर्यंत थांबावं लागतं.