पांडुरंग सांगवीकरचे उत्तर लिहिताना

प्रिय विद्यार्थिनीस, सप्रेम आशीर्वाद.

तू ऐरोलीहून पाठवलेले सरावाचे उत्तर मिळाले. ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकरचे व्यक्तिचित्र तू साडेचार पानांत रेखाटले आहेस. त्यांपैकी पहिली तीन पाने म्हणजे कादंबरीचे कथानक आहे, आणि उरलेल्या दीड पानात ‘संवेदनशील’, ‘निराश’, ‘पलायनवादी’, ‘बंडखोर’ अशी विशेषणे एकामागून एक आली आहेत. यातले एकही विशेषण सर्वस्वी चूक नाही, परंतु एकाही विशेषणाखाली कादंबरीचा आधार नाही. ही कादंबरी ज्याने वाचलेली नाही, केवळ मार्गदर्शक पुस्तिका चाळली आहे, तोही हेच उत्तर लिहू शकेल. परीक्षकाला नेमका हाच संशय येतो आणि गुण तिथेच अडतात.

कथानक गाळ, असे मी म्हणत नाही. सांगवीतून पुण्याला शिकायला गेलेला आणि परीक्षेत अपयश घेऊन गावी परतलेला सधन शेतकऱ्याचा मुलगा, एवढे एक वाक्य त्यासाठी पुरे आहे. परीक्षकाने कादंबरी वाचलेली असते. तू ती कशी वाचलीस हे त्याला पाहायचे असते.

आता आधाराविषयी. व्यक्तिचित्रासाठी पुरावा म्हणजे प्रसंग, अशी तुमच्या पिढीची (आणि खरे तर आमच्याही पिढीची) समजूत असते. या कादंबरीत मात्र सर्वांत भक्कम पुरावा भाषेत आहे आणि तो अगदी पहिल्या ओळीत मिळतो: ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ यातला ‘उदाहरणार्थ’ थांबून पाहा. स्वतःचे वय सांगताना कोणी ‘उदाहरणार्थ’ म्हणत नाही. जो म्हणतो, त्याला आपले असणे हे अनेक नमुन्यांपैकी एक नमुना वाटते आहे. आपण कोणी खास आहोत, असा दावा करण्याआधीच तो त्याची हवा काढून घेतो. पुढे सबंध कादंबरीभर हा शब्द आणि त्याच्या जोडीला ‘वगैरे’ येत राहतो. एखादे मोठे मूल्य किंवा मोठी भावना तोंडावर आली की पांडुरंग तिला ‘वगैरे’ जोडतो आणि ती लहान करून टाकतो. ‘पांडुरंग तुटक आणि उपरोधिक आहे’ हे विधान तू या शब्दांवर उभे केलेस, तर ते कोणी पाडू शकणार नाही.

परंतु एवढ्यावर थांबलीस तर उत्तर एकांगी होईल. या तुटकपणाला छेद देणारा प्रसंग कादंबरीतच आहे, तो म्हणजे धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू. तू त्याचा उल्लेख दोन ओळींत केलास आणि ‘या घटनेने तो खचला’ असे म्हणून पुढे गेलीस. वास्तविक उत्तराचा कणा इथे आहे. प्रत्येक गोष्टीची थट्टा करून तिच्यापासून सुटणाऱ्या माणसाला या एका गोष्टीपासून सुटता येत नाही. घरच्यांच्या चारचौघांसारख्या शोकात त्याला सामील होता येत नाही; मनीबरोबर तिच्यापासून पुढे निघू शकली असती ती सारी वेलच गेली, अशा विचाराला तो जाऊन भिडतो. म्हणजे त्याचा उपरोध हा भावनाशून्यतेतून आलेला नाही, तर भावनेचा भार सोसण्यासाठी आलेला आहे, असा निष्कर्ष तुला काढता येतो. शिवाय तो तुझा स्वतःचा निष्कर्ष ठरतो.

तिसरा मुद्दा वडिलांचा. वडील आणि पैसा ही दोन्ही सूत्रे एकत्र घे. वसतिगृहातल्या पुढारपणात आणि मेसच्या कारभारात पांडुरंग आरंभी उत्साहाने पडतो, मग देणी चढतात आणि हिशेब अखेर वडिलांपर्यंत जातो. त्याला ‘आळशी’ किंवा ‘पलायनवादी’ म्हणण्याआधी हा आरंभीचा उत्साह नोंदवावा लागतो, कारण ज्याने काहीच करून पाहिले नाही आणि ज्याने करून पाहून हात झटकले, ही दोन वेगळी माणसे आहेत. हा मुद्दा चार-पाच वाक्यांत आटोपला तरी चालेल.

मनीच्या मुद्द्याचा परिच्छेद कसा उभा राहतो, हे दाखवण्यासाठी एक नमुना देतो. तो पाठ करू नकोस.

‘पांडुरंगची उपरोधिक भाषा पाहता तो अलिप्त वाटतो, परंतु मनीच्या मृत्यूच्या प्रसंगी ही अलिप्तता टिकत नाही. इतरत्र “वगैरे” म्हणून विषय संपवणारा निवेदक इथे विषय संपवू शकत नाही आणि एका मुलीच्या जाण्यातून संभाव्य वंशवेल नष्ट झाल्याचे त्याला जाणवते. त्यामुळे त्याचा उपरोध हा कोरडेपणा नसून वेदनेपासून अंतर राखण्याचा प्रयत्न आहे, असे म्हणता येते.’

यात विधान आहे, प्रसंग आहे, भाषेची खूण आहे आणि शेवटी निष्कर्ष आहे. गोष्ट कुठेही सांगितलेली नाही. आपला परिच्छेद तपासायचा असेल, तर त्यातले ‘पांडुरंग’ हे नाव खोडून दुसऱ्या एखाद्या कादंबरीच्या नायकाचे नाव घालून पाहा. परिच्छेद तरीही खरा वाटला, तर तो व्यक्तिचित्राचा परिच्छेद नव्हे.

अवतरणांबाबत तू केलेली एक चूक गंभीर आहे. दुसऱ्या पानावर अवतरणचिन्हांत दिलेले वाक्य कादंबरीत नाही. ते बहुधा एखाद्या समीक्षालेखातले असावे. जे वाक्य शब्दशः आठवत नाही, ते आपल्या शब्दांत सांगावे आणि अवतरणचिन्हे घालू नयेत. तीन अचूक शब्द पुरतात. तसेच, ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे स्वतः पंचविशीच्या आसपास होते आणि खानदेशातून पुण्याला शिकायला आलेले होते, म्हणून ‘लेखकाने येथे स्वतःचीच कहाणी सांगितली आहे’ असे तू लिहिलेस. असे लिहिले की निवेदक आणि लेखक एक होतात, आणि निवेदक स्वतःविषयी जे सांगतो ते कितपत मानावे, हा प्रश्नच विचारता येत नाही. पांडुरंग मागे वळून पंचविसाव्या वर्षी बोलतो आहे आणि स्वतःलाही सोडत नाही. त्याने स्वतःवर मारलेले शेरे जसेच्या तसे उचलून ‘स्वभावविशेष’ म्हणून मांडू नकोस.

वेळेचे गणित सोपे आहे. दोन तासांत साठ गुण, म्हणजे पंधरा गुणांच्या या प्रश्नाला तीस मिनिटे. पहिली चार मिनिटे कच्च्या आराखड्याला दे: भाषा, मनी, वडील-पैसा, गावी परतणे, आणि प्रत्येकापुढे आधाराचे दोन शब्द. गावी परतण्याचा भाग शेवटी घे, कारण तिथे तो हरलेला आहे की हिशेब मांडायला बसलेला आहे, यावर तुला मत द्यावे लागेल. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, पण तुझे वेगळे असेल तर तेच लिही. फक्त रोजनिशीच्या रूपातला भाग पुन्हा वाचून मग ठरव.

स्वतःची प्रत नसेल तर ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहा. सुधारलेले उत्तर अडीच पानांच्या वर जाऊ देऊ नकोस आणि येत्या रविवारी घेऊन ये.

तुझे,
सर