होन, हंपी आणि घोड्याची शेपटी

प्रश्न : "शिवाजी महाराजांच्या काळातला 'होन' हा शब्द फारसी आहे का? विजयनगरच्या नाण्यालाही होनच म्हणत का?"

फारसी नाही, कन्नड आहे. 'होन्नु' म्हणजे सोनं. काही मंडळी त्याला 'हूण' लोकांपर्यंत ओढत नेतात. दोन शब्द कानाला सारखे लागले की नातं जुळवून मोकळं व्हायचं, ही खोड काही जात नाही. जुन्या कन्नडमध्ये हा शब्द 'पोन्' होता आणि तमिळमध्ये तो आजही 'पोन्' आहे. मधल्या काळात कन्नडने शब्दाच्या आरंभीचा 'प' सोडून 'ह' धरला. 'पळ्ळि'ची हळ्ळी झाली, 'पाल्'चं (दुधाचं) हालु झालं. खरी गंमत पुढेच आहे : पंपेचं हंपे झालं, तीच आपली हंपी. म्हणजे विजयनगरची राजधानी आणि तिचं नाणं, दोन्ही नावं एकाच उच्चारबदलातून आली. हूणांनी हंपीही वसवली म्हणायची का?

त्या नाण्याला 'वराह'ही म्हणत. पण म्हणून त्यावर डुक्करच असणार, हे गृहीत धरू नका. कृष्णदेवरायाच्या प्रसिद्ध होनावर बाळकृष्ण बसलेला आहे.

हे सोनं जायचं कुठे, हे कळलं तर शब्द इतका का पसरला तेही कळतं. बहमनींशी आणि पुढे त्यांच्यातून फुटलेल्या शाह्यांशी कृष्णा-तुंगभद्रेमधल्या रायचूरच्या दुआबासाठी विजयनगरला झुंजायचं तर घोडदळ हवं, आणि दक्षिणेत चांगला घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तानातून, होर्मुझहून गलबतांनी भटकळ, गोवा अशा बंदरांत उतरे. विजयनगरचा राजा साळुव नरसिंह याच्याबद्दल नुनिझ हा पोर्तुगीज लिहितो की तो मेलेल्या घोड्याचेही पैसे देई. समुद्रात दगावलेल्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पुरे. वेडेपणा नव्हे हा. वाटेतला तोटा व्यापाऱ्याच्या डोक्यावर टाकला असता, तर पुढच्या खेपेला तो घोडे दुसऱ्या दरबारी घेऊन गेला असता. कृष्णदेवरायाने 1520 मध्ये रायचूर घेतलं, ते आयात केलेल्या घोड्यांशिवाय झालं नसतं.

हंपीच्या देवळांपुढचे लांबलचक बाजार पाहिलेत तर दुसरी बाजू दिसते. व्यापारावरची जकात दरबारात येई. काही ठिकाणची जकात, काही गावांचं उत्पन्न राजे थेट देवाला लावून देत. 1514 मध्ये कृष्णदेवरायाने तिरुपतीला तीस हजार सुवर्णनाण्यांनी कनकाभिषेक केला. तिरुपतीत असं भक्तांचं दान पुष्कळदा देवस्थानच्या गावांतल्या पाटबंधाऱ्यांत घातलं जाई आणि वाढीव पिकातून नैवेद्य चाले.

आता माझा एक लाडका तर्क, पटला तर घ्या. भटकळच्या उत्तरेचं होन्नावर बंदर. त्यातला 'होन्न' मला सोन्याचाच वाटतो. यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी 'हूण' सोडावा, मग बोलू.