रोजच्या दुधाचा अंदाज आणि एक्सेलचा पट्टा

प्रश्न: खानापूर तालुक्यात आमचं छोटं दूध संकलन केंद्र आहे. 36 दिवसांची सरासरी 412 लिटर, स्टँडर्ड डेव्हिएशन 18. एक्सेलने 95 टक्के कॉन्फिडन्स ±6 दिला, पण चारातले तीन दिवस दूध त्या पट्ट्याच्या बाहेरच असतं. उलट पुढच्या महिन्याचं फोरकास्ट शीट काढलं तर पट्टा कर्ण्यासारखा उघडत जातो. बेळगावच्या कुंदावाल्याला रोज किती म्हशीचं दूध कबूल करू?

उत्तर: एक्सेलचा हिशेब बरोबर आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. `CONFIDENCE.T` फक्त एवढंच सांगतं की तुमच्या केंद्राची खरी सरासरी 406 ते 418 च्या दरम्यान असावी. उद्या कॅनमध्ये किती दूध पडेल, याबद्दल ते काहीच बोलत नाही. म्हणून चारातले तीन दिवस बाहेर जाणं हे अगदी अपेक्षित आहे. रोजचं दूध 18 लिटरने हलत असेल, तर ±6 च्या पट्ट्यात चारातला जेमतेम एक दिवसच सापडणार.

उद्याच्या दुधाबद्दल तुमच्या मनात दोन शंका आहेत. खरी सरासरी नेमकी कुठे आहे, ही पहिली. ती 18 भागिले 36 चं वर्गमूळ, म्हणजे 3 लिटरची. दुसरी उद्याच्या दिवसाची स्वतःची: कुणाची म्हैस आटली, कुणाकडे पाहुणे आले, कुणी दूध घरीच ठेवलं. ही 18 लिटरची. दोन्हींचे वर्ग करून मिळवा: 9 अधिक 324, म्हणजे 333, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे 18.25. याला 95 टक्क्यांसाठीच्या 2.03 ने गुणलं की ±37 येतात. म्हणजे 375 ते 449. हा प्रेडिक्शन इंटरव्हल, आणि कुंदावाल्याशी बोलताना तुम्हाला हाच लागणार.

बघा, त्या 333 मध्ये सरासरीच्या शंकेचा वाटा फक्त 9 आहे. उद्या तुम्ही दहा वर्षांच्या वह्या काढून 3600 दिवस भरले, तर ±6 चे ±0.6 होतील, पण ±37 चे फार तर ±35 होतील. वह्या वाढवल्याने सरासरी पक्की होते, म्हशी काही जास्त नेमाने दूध देत नाहीत.

आता एक गोम. वरचा सगळा हिशेब प्रत्येक दिवस स्वतंत्र आहे असं धरून केलाय, आणि दुधाच्या बाबतीत ते खरं नसतं. आज कमी आलं तर उद्याही थोडं कमीच येतं. आकडे B2 पासून B37 पर्यंत असतील तर हे करून बघा:

```
=CORREL(B2:B36,B3:B37)
```

समजा उत्तर 0.6 आलं. मग तुमचे 36 दिवस माहितीच्या दृष्टीने सुमारे 9 स्वतंत्र दिवसांइतकेच भरतात (36 ला 0.4 ने गुणून 1.6 ने भागा). सरासरीची शंका 3 वरून 6 लिटरवर जाते, आणि तो ±6 चा पट्टा खरं तर ±12 किंवा त्याहून थोडा मोठा हवा होता. प्रेडिक्शन इंटरव्हलला मात्र याचा फारसा धक्का बसत नाही: 36 अधिक 324, वर्गमूळ 19.

ह्याच 0.6 मुळे पुढचे दिवस सारखे राहत नाहीत. समजा आज 382 लिटर आलं, सरासरीपेक्षा 30 कमी. उद्याचा अंदाज 412 मधून 30 च्या 0.6 पट, म्हणजे 18 वजा करून 394, आणि पट्टा ±28. परवाचा अंदाज 401, पट्टा ±33. आठवड्यानंतरचा 411, पट्टा ±35. आजच्या आकड्यातून उद्याबद्दल थोडं कळतं, परवाबद्दल त्याहून कमी, आणि आठवड्यानंतर जवळजवळ काहीच नाही. पुढचं जितकं कमी कळतं तितका पट्टा रुंद होतो. पण तो ±35 ला येऊन थांबतो, कारण दूध शेवटी 412 कडे परत येतं असं आपण इथे धरलंय.

फोरकास्ट शीट तसं धरत नाही, म्हणून तुमचा पट्टा थांबत नाही. त्यातली पद्धत मानते की पातळी स्वतःच सरकते, आणि सरकली की तिथून पुढे चालते, जुन्या जागी येईलच असं नाही. समजा पातळी रोज 5 लिटरच्या डेव्हिएशनने इकडेतिकडे जाते. मग फक्त या सरकण्यामुळे उद्याचा पट्टा ±10, चार दिवसांनी ±20, नऊ दिवसांनी ±30, पंचवीस दिवसांनी ±50. रोजचे धक्के साठत जातात, मात्र काही वर, काही खाली असल्यामुळे दिवसांच्या वर्गमूळाच्या हिशेबाने. त्यावर ती पद्धत कलही धरते. कलाचा अंदाज रोजी एकच लिटर चुकला तरी महिन्यात 30 लिटरचा फरक पडतो, आणि इथे वर्गमूळ नाही, सरळ गुणाकार. तुमचा कर्णा मुख्यतः यामुळे उघडतो. (एक्सेल या पट्ट्यालाही कॉन्फिडन्सच म्हणतं, पण तो भावी दिवसांसाठीचा आहे. पहिल्या ±6 शी त्याची तुलना करू नका.)

मग खरं कोणतं? 36 दिवसांत ते कळणार नाही, एवढ्या काळात हळू सरकणं आणि परत येणं सारखंच दिसतं. आपल्या भागात उन्हाळ्यात ओला चारा संपला की पातळी खरोखर खाली जाते आणि पंधरा दिवसांत वर येत नाही. म्हणून एका हंगामाच्या आकड्यांवरून ±35 ला थांबणारा पट्टा तीन महिन्यांसाठी वापरणं धोक्याचं. गेल्या वर्षाची वही काढा, शेवटचे 14 दिवस झाका, आधीच्या आकड्यांवरून पट्टा काढा आणि किती दिवस बाहेर पडतात ते मोजा. 14 पैकी चार-पाच बाहेर पडले तर पट्टा अरुंद आहे. बहुतेकदा तसंच निघतं, कारण कोणताही पट्टा आपली पद्धतच चुकली असेल ही शक्यता मोजत नाही. दिवाळीसारखे दिवस वेगळे काढून ठेवा. तेव्हा दूध घरात राहतं हे आधीच माहीत आहे, त्यासाठी सबंध वर्षाचा पट्टा फुगवायचं कारण नाही.

कबुलीसाठी तुम्हाला फक्त खालची बाजू हवी, जास्त आलेलं दूध संघाला घालता येईलच. वीस दिवसांतून एकदा कमी पडलं तर चालत असेल, तर 412 मधून 19 च्या 1.69 पट वजा करा: 380 लिटर. ताळा म्हणून 36 आकडे चढत्या क्रमाने लावा आणि खालून दुसरा बघा. तो 380 च्या बराच खाली असेल तर तुमचं दूध वर चढतं त्यापेक्षा खाली जास्त घसरतं, आणि मग तोच आकडा धरा.

कुंदावाल्याला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. महिन्यात एक-दोन दिवस कमी पडेल, आणि ते दिवस बहुधा लागोपाठ येतील, कारण त्यांच्यात तो 0.6 चा दुवा आहे. आणि 380 हा आकडा पुढच्या पंधरवड्यापुरता आहे. तीन महिन्यांचा एकच आकडा लिहून मागितला तर 340 च्या वर जाऊ नका, किंवा दर पंधरा दिवसांनी आकडा बदलायची अट घाला. मी असतो तर अट घातली असती.