रूममेटच्या कथेचा पहिला खर्डा

पार्टीत गोळी घेतलेल्या रूममेटच्या तुझ्या कथेचा खर्डा वाचला. पहिल्याच परिच्छेदात गोळीचं नाव सांगून टाकलंस, ते आधी काढ. कसली गोळी ते रूममेटलाच ठाऊक नाही, मग निवेदकाला कुठून कळणार? त्याला दिसतं तेवढंच लिही: ट्यूबलाइटखालीही बाहुल्या मोठ्याच, जबडा आवळलेला, अंग तापलेलं.

दुसरं, नवखे लेखक हमखास एका रात्रीत माणूस बदलून टाकतात. पार्टीतल्या उत्तेजक गोळ्यांनंतर मन बऱ्याचदा दोनेक दिवसांनी खचतं. पार्टी शनिवारी असेल, तर तो सोमवारी आंघोळीला जाताना टॉवेल हातात धरून नुसता पलंगावर बसलेला दिसू दे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘तो गाढ झोपला’ हे वाक्य. घोरताना घशात गुरगुर, दोन श्वासांत लांब खंड, ओठ निळसर, हलवूनही जाग नाही, ही झोप नव्हे. निवेदक त्याला कुशीवर वळवेल, रुग्णवाहिका बोलावेल, उरलेली गोळी डॉक्टरांसाठी जपून ठेवेल. पण त्याआधी वॉर्डनच्या भीतीनं तो दाराशी घुटमळतो ना, ती दोन मिनिटं तू एका ओळीत उरकलीस. तिथे पानभर थांब.

शेवटाचं नंतर बघू.