डिप्रेशनमुळे परीक्षा पुढे ढकलायची आहे, अटेंडन्सही कमी आहे. डॉक्टरांकडून मेडिकल सर्टिफिकेट कसं लिहून घ्यायचं?

माझं पहिलं सर्टिफिकेट कॉलेजने परत पाठवलं होतं. त्यात एकच ओळ होती, "डिप्रेशनसाठी उपचार सुरू, पूर्ण विश्रांती आवश्यक". ऑफिसवाल्यांचा प्रश्न बरोबरच होता, पूर्ण विश्रांती सांगितलीय तर हा मधेच लेक्चरला कसा येतो, आणि विश्रांती कधीपर्यंत? म्हणजे आजाराचं नाव लिहून भागत नाही, त्यामुळे नेमकं काय जमत नाहीये आणि किती दिवस, हे लिहावं लागतं.

मग मी सायकियाट्रिस्टकडे जाताना टाइमटेबल आणि अटेंडन्सचा कागद सोबत नेला. दुसऱ्या पत्रात साधारण असं होतं: "हे 3 फेब्रुवारीपासून माझ्याकडे उपचार घेत आहेत. झोप विस्कळीत आहे, वाचनात लक्ष 15-20 मिनिटांपलीकडे टिकत नाही. औषध नुकतंच सुरू केलं असून परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, त्यामुळे 10 मार्चपासूनच्या परीक्षेला बसण्याच्या स्थितीत नाहीत. 20 एप्रिलला पुन्हा तपासणी करून कळवेन." अटेंडन्सचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात, की औषधाने सकाळी गुंगी राहते म्हणून सकाळच्या तासांना आणि तपासणीच्या दिवशी सवलत द्यावी, तीही 20 एप्रिलपर्यंत. दोन मागण्या एकाच वाक्यात कोंबल्या की एकीला नकार आला तर दुसरीही अडकते, म्हणून हे वेगळं.

गोची झाली जानेवारीची. तेव्हापासूनच मी गैरहजर होतो पण डॉक्टरांकडे गेलो फेब्रुवारीत, आणि मागची तारीख टाकून द्या म्हटलं तर त्यांनी साफ नाही सांगितलं (मला राग आला होता तेव्हा, पण जे त्यांनी पाहिलंच नाही ते ते कसं लिहिणार). त्यांनी एवढंच लिहिलं की "रुग्णाच्या सांगण्यानुसार त्रास जानेवारीच्या सुरुवातीपासून आहे". जानेवारीसाठी मी क्लास टीचरला तेव्हा केलेला मेल माझ्या अर्जाला जोडला, बरं वाटत नाही एवढंच होतं त्यात, पण तारीख होती ना.

अर्ज तुमचा तुम्ही वेगळा लिहा. डॉक्टर शिफारस करतात, सूट द्यायची की नाही ते कॉलेज ठरवतं. पत्र लेटरहेडवर, सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट हवं. घरच्या भांडणांचा वगैरे तपशील त्यात नको, तो फायलीत कोण कोण वाचेल सांगता येत नाही, आजाराचं नाव लिहायचं का हेही आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि हे सगळं पहिल्या पेपरच्या आधी द्या. दोन पेपर देऊन मग पत्र नेलं तर बसण्याच्या स्थितीत नव्हतात हे कोणाला पटणार. पोच घ्या, झेरॉक्स ठेवा, आणि परत जाताना बहुतेक फिटनेस सर्टिफिकेट मागतील, म्हणून 20 एप्रिलसारखी तपासणीची तारीख चुकवू नका.